मोहर्स सर्कल काढायचं कसं : एकच न्यूमेरिकल, पेन्सिल-कंपास घेऊन शेवटपर्यंत

मी दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत ड्रॉइंगचं काम करतो आणि संध्याकाळी टिळकवाडीत घरी चार-पाच पोरं बसतात, बहुतेक डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पेपर इंग्लिशमध्ये आणि वर्गात अर्धं बोलणं कन्नडमध्ये. परवा खानापूरकडच्या एकाने वही पुढे ठेवली. मोहर्स सर्कल एकदम झकास काढलेलं, कंपासची रेघ कुठं तुटलेली नाही, आणि उत्तर काय, तर मेजर प्रिन्सिपल स्ट्रेस १०० आणि मायनर शून्य, रेडियस बरोब्बर ५०. मी म्हटलं, चूक आहे रे हे. तर म्हणतो, "सर, शंभर आणि शून्य आलंय की, इतकं सरळ उत्तर चुकीचं कसं येईल?"

चुकीचंच होतं. कुठं चुकला ते पुढं सांगतो, आधी तेच न्यूमेरिकल सुरुवातीपासून नीट काढू, म्हणजे चूक कुठं शिरते ते तुम्हालाच दिसेल.

प्रश्न असा होता : एका पॉइंटला एक्स दिशेने ८० एमपीए टेन्साइल, वाय दिशेने २० एमपीए कॉम्प्रेसिव्ह, आणि शिअर स्ट्रेस ४० एमपीए, उजव्या फेसवर वरच्या दिशेला. प्रिन्सिपल स्ट्रेस किती, त्यांचे प्लेन कुठे, मॅक्झिमम शिअर किती आणि तो कुठल्या प्लेनवर, ग्राफिकल मेथडने काढा. एमपीए म्हणजे न्यूटन पर स्क्वेअर मिलिमीटर, दोन्ही एकच, त्यात गोंधळू नका.

आधी चौकोन, मग सर्कल

पोरं प्रश्न वाचला की थेट अ‍ॅक्सिस मारायला लागतात. तसं करू नका. आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढा, रुपयाच्या नाण्याएवढा पुरे, आणि त्याच्या चारही बाजूंना बाण काढा. उजव्या आणि डाव्या फेसवर बाहेर जाणारे बाण, ८०. वरच्या आणि खालच्या फेसवर आत येणारे बाण, २०, कारण कॉम्प्रेशन आहे. आता शिअर. उजव्या फेसवर वर जाणारा बाण दिलाय, मग डाव्या फेसवर खाली जाणारा येणार, आणि या दोघांनी मिळून तो चौकोन फिरायला लागेल, तो फिरू नये म्हणून वरच्या फेसवर उजवीकडे आणि खालच्या फेसवर डावीकडे असे बाण आपोआप येतात, यालाच कॉम्प्लिमेंटरी शिअर म्हणतात. प्रश्नात एकच शिअर दिलेला असतो, बाण मात्र चार काढायचे.

काढून झाले की बाणांची टोकं बघा. उजव्या फेसवरचा आणि वरच्या फेसवरचा, दोघांची टोकं वरच्या उजव्या कोपऱ्यात भेटतात. हे लक्षात ठेवा, शेवटी अँगल बरोबर आला का हे या कोपऱ्यावरूनच कळणार आहे. पटत नसेल तर एक मऊ खोडरबर घ्या, त्याच्या बाजूवर पेनाने छोटा चौकोन काढा, खालची बाजू टेबलावर दाबून धरा आणि वरची बाजू बोटाने उजवीकडे ढकला. चौकोन तिरका होतो, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारा कर्ण लांब झालेला डोळ्यांना दिसतो. म्हणजे नुसता शिअर दिला तरी त्या कर्णाच्या दिशेने पदार्थ ताणला जातो. प्रिन्सिपल स्ट्रेस म्हणजे अशी दिशा शोधायची की जिथे नुसतं ताणणं किंवा दाबणं उरतं आणि शिअर शून्य होतो. बाकी सगळा हिशेब.

शिअरचं चिन्ह

नव्वद टक्के गोंधळ इथे होतो म्हणून जरा थांबून सांगतो. नॉर्मल स्ट्रेसचं सोपं आहे, टेन्शन प्लस, कॉम्प्रेशन मायनस. शिअरसाठी मी एकच नियम धरतो : जो शिअर चौकोनाला घड्याळाच्या काट्यासारखा फिरवू बघतो तो आडव्या अ‍ॅक्सिसच्या वर, जो उलटा फिरवू बघतो तो खाली.

आता आपल्या चौकोनावर बोट ठेवून बघा. उजव्या फेसवर वर, डाव्या फेसवर खाली, या जोडीने चौकोन घड्याळाच्या उलट फिरेल. म्हणून एक्स फेसचा शिअर खाली, म्हणजे मायनस ४०. वरच्या फेसवर उजवीकडे, खालच्या फेसवर डावीकडे, ही जोडी त्याला काट्याच्या दिशेने फिरवणार, म्हणून वाय फेसचा शिअर वर, प्लस ४०. एकाच चौकोनावर एक प्लस आणि एक मायनस, हे बघून नवीन पोरं दचकतात, पण ते तसंच यायला पाहिजे. दोन्ही सारखे असते तर चौकोन गरगर फिरत बसला असता.

आता तुमच्या सरांनी कदाचित वेगळं शिकवलं असेल. काही पुस्तकांत शिअरचा अ‍ॅक्सिस खालच्या बाजूला प्लस धरतात, काहींत τxy जसा आहे तसा वर प्लॉट करतात आणि मग अँगल उलटा वाचायला सांगतात. कुठलीही पद्धत घेतली तरी प्रिन्सिपल स्ट्रेसचे आकडे आणि मॅक्झिमम शिअरचा आकडा तोच येतो, फरक पडतो तो फक्त सर्कलवर कुठल्या बाजूला फिरायचं आणि ते चौकोनावर कसं वाचायचं यात. दोन पद्धतींची भेसळ केली की मात्र आकडे बरोबर आणि दिशा उलटी, अशी अर्धी चूक होते आणि ती स्वतःला दिसत नाही. म्हणून एकच पद्धत धरा आणि पेपरात आकृतीच्या शेजारी एक ओळ लिहून टाका की क्लॉकवाइज शिअर पॉझिटिव्ह घेतला आहे. मी ही पद्धत का धरतो, तर यात सर्कलवर ज्या बाजूला फिरायचं त्याच बाजूला चौकोनावर पण फिरायचं, उलट-सुलट काही लक्षात ठेवावं लागत नाही.

स्केल आणि अ‍ॅक्सिस

आडवा अ‍ॅक्सिस नॉर्मल स्ट्रेसचा, उभा शिअरचा. स्केल १ सेंटीमीटरला १० एमपीए घ्या. दोन्ही अ‍ॅक्सिसना एकच स्केल, हे विसरलात तर कंपासचं सर्कल दोन्ही पॉइंटमधून जाईलही, पण त्यावरून वाचलेली उत्तरं चुकीची येतील, कारण वेगवेगळ्या स्केलवर ते सर्कल राहतच नाही, लांबट लंबगोल होतो, आणि कंपासला लंबगोल काढता येत नाही.

ओरिजिन कुठे घ्यायचा? पानाच्या मधोमध घेऊ नका. आपलं सर्कल उजवीकडे साधारण ९४ पर्यंत आणि डावीकडे ३४ पर्यंत जाणार आहे, म्हणजे उजवीकडे साडेनऊ सेंटीमीटर आणि डावीकडे साडेतीन. अर्थात हे आधी माहीत नसतं, पण अंदाज लावता येतो : दोन नॉर्मल स्ट्रेसमधला मोठा घ्या, त्याच्यात शिअर मिळवा, त्याच्या पुढे जागा लागत नाही. वर-खाली सात-सात सेंटीमीटर सोडा. जागा संपली म्हणून सर्कल अर्धवट सोडलेल्या वह्या मी भरपूर बघितल्यात. पेन्सिलला टोक असू दे, कारण या स्केलवर अर्धा मिलिमीटर म्हणजे अर्धा एमपीए, आणि जाड रेघेतच तेवढं जातं.

दोन पॉइंट आणि एक रेघ

एक्स फेसचा पॉइंट : उजवीकडे ८ सेंटीमीटर, खाली ४. त्याला एक्स नाव द्या. वाय फेसचा पॉइंट : डावीकडे २ सेंटीमीटर, वर ४. त्याला वाय नाव द्या. दोन्ही पट्टीने जोडा.

ही रेघ आडव्या अ‍ॅक्सिसला जिथे कापते तो सर्कलचा सेंटर, त्याला सी म्हणू. मोजून बघा, ओरिजिनपासून उजवीकडे बरोबर ३ सेंटीमीटर, म्हणजे ३० एमपीए. हिशेबाने पण तेच, ८० आणि मायनस २० यांची सरासरी ३०. इथे एक फुकटची तपासणी मिळते. रेघ अ‍ॅक्सिसला कापतच नसेल, म्हणजे दोन्ही पॉइंट एकाच बाजूला आडवे पडले असतील, तर शिअरचं चिन्ह दोन्हीकडे सारखं घेतलंय तुम्ही. सेंटर कायम आडव्या अ‍ॅक्सिसवरच असतो, वर-खाली कधीच नाही.

आता कंपासचं टोक सी वर ठेवा, पेन्सिल एक्सपर्यंत उघडा आणि पूर्ण सर्कल फिरवा. ते वायमधून गेलं पाहिजे. नाही गेलं तर एक तर पॉइंट हुकलाय नाही तर कंपासचा स्क्रू ढिला आहे, आणि खरं सांगायचं तर कंपासच जास्त वेळा निघतो. रेडियस पट्टीवर मोजलात तर ६.४ सेंटीमीटर भरेल, म्हणजे ६४ एमपीए. सी, एक्स आणि एक्सच्या वर अ‍ॅक्सिसवर पडणारा लंब, असा एक काटकोन त्रिकोण दिसतो बघा, त्याची आडवी बाजू ५०, उभी ४०, आणि कर्ण म्हणजे रेडियस :

```
R = √(50² + 40²) = √4100 = 64.03 MPa
```

फॉर्म्युला पाठ करणाऱ्यांना तो वर्गमुळाचा लांबलचक फॉर्म्युला आठवत असेल, तो हाच त्रिकोण आहे, दुसरं काही नाही. जर्मन इंजिनिअर ओटो मोहर यांनी १८८२ मध्ये हे सर्कल मांडलं तेव्हा हातात कॅल्क्युलेटर नव्हता, पट्टी-कंपासने उत्तर निघावं हाच त्यातला फायदा. (आणि मोहर म्हणजे आंब्याचा मोहोर नव्हे, आडनाव आहे ते, दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.)

उत्तरं वाचायची

सर्कल आडव्या अ‍ॅक्सिसला दोन ठिकाणी कापतं. त्या दोन पॉइंटना उंची नाही, म्हणजे शिअर शून्य, म्हणजे तेच प्रिन्सिपल प्लेन. उजवीकडचा पॉइंट ओरिजिनपासून ९.४ सेंटीमीटर, तर मेजर प्रिन्सिपल ९४ एमपीए टेन्साइल. डावीकडचा ओरिजिनच्या मागे ३.४ सेंटीमीटर, मायनर प्रिन्सिपल ३४ एमपीए कॉम्प्रेसिव्ह. हिशेबाने ३० अधिक ६४.०३ आणि ३० वजा ६४.०३, म्हणजे ९४.०३ आणि मायनस ३४.०३. मोजताना सी पासून मोजू नका बरं का, ओरिजिनपासून. सी पासून मोजलं की दोन्हीकडे ६४ येतं आणि पोरगं तेच लिहून मोकळं होतं.

सर्कलचा सगळ्यात वरचा पॉइंट म्हणजे मॅक्झिमम शिअर, उंची रेडियसएवढी, ६४ एमपीए. आणि तो पॉइंट बरोबर सी च्या डोक्यावर आहे, म्हणजे त्या प्लेनवर नॉर्मल स्ट्रेस ३० एमपीए आहे. प्रिन्सिपल प्लेनवर शिअर शून्य असतो हे पाठ असतं, त्यावरून पोरं उलटं धरून चालतात की मॅक्झिमम शिअरच्या प्लेनवर नॉर्मल स्ट्रेस शून्य असणार. असं नाही. सेंटर ओरिजिनवर असेल तरच तो शून्य, नाहीतर सेंटरचा जो आकडा तोच तिथला नॉर्मल स्ट्रेस.

अँगल, आणि तो निम्मा का करायचा

प्रोट्रॅक्टर सी वर ठेवा. सुरुवात सी-एक्स रेघेपासून, कारण ती एक्स फेस आहे, आपल्या ओळखीची. तिथून मेजर प्रिन्सिपलच्या पॉइंटपर्यंत किती फिरायला लागतं? एक्स खाली आहे, प्रिन्सिपल पॉइंट वर अ‍ॅक्सिसवर, म्हणजे घड्याळाच्या उलट, आणि मोजलं तर साडेअडतीस डिग्रीच्या आसपास. हिशेबाने :

```
tan 2θ = 40 / 50 = 0.8
2θ = 38.66°,  θ = 19.33°
```

सर्कलवर ३८.६६ फिरलो, चौकोनावर त्याच्या निम्मं फिरायचं, १९.३३ डिग्री, आणि त्याच दिशेने, घड्याळाच्या उलट.

निम्मं का, हे पोरं विचारत नाहीत, पाठ करतात, पण विचारायला पाहिजे. चौकोनाचा एक फेस घ्या आणि तो १८० डिग्री फिरवा. काय मिळालं? समोरचा फेस, ज्याच्यावर स्ट्रेस तोच आहे. म्हणजे प्लेन अर्धी गिरकी फिरलं की स्ट्रेसची कहाणी पूर्ण होऊन परत पहिल्या जागी येते. सर्कलवर मात्र पहिल्या जागी यायला पूर्ण ३६० फिरावं लागतं. म्हणून सर्कलवरचा अँगल खऱ्या अँगलच्या दुप्पट. एक्स आणि वाय फेस प्रत्यक्षात ९० डिग्रीवर आहेत, सर्कलवर ते समोरासमोर, १८० वर पडले, ते याच्यामुळेच.

आता कोपऱ्याची आठवण करा. बाणांची टोकं वरच्या उजव्या कोपऱ्यात भेटत होती, म्हणजे शिअर त्या ४५ डिग्रीच्या कर्णाच्या दिशेने ताणतोय. आणि नॉर्मल स्ट्रेसमध्ये मोठा कोण, तर एक्सचा ८०, शून्य डिग्रीवर. मेजर प्रिन्सिपलची दिशा या दोघांच्या मधेच कुठेतरी पाहिजे, शून्य आणि ४५ च्या मधे, कर्णाच्याच बाजूला. १९.३३ बसतंय. समजा तुमचा अँगल घड्याळाच्या दिशेने १९ आला असता, म्हणजे ताणणारी दिशा खालच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली असती, तर समजायचं की कुठेतरी चिन्हांच्या पद्धतींची भेसळ झाली. ही तपासणी दोन सेकंदांची आहे आणि फॉर्म्युलाला करता येत नाही, कारण कॅल्क्युलेटरवर tan उलटा दाबला की तो एक अँगल देतो, पण तो मेजरचा की मायनरचा हे सांगत नाही.

मॅक्झिमम शिअरचं प्लेन सर्कलवर प्रिन्सिपलपासून ९० डिग्रीवर, म्हणजे चौकोनावर ४५ वर. सर्कलचा तळाचा पॉइंट घेतलात तर सी-एक्सपासून तो काट्याच्या दिशेने ५१.३४ डिग्रीवर आहे, निम्मे २५.६७. म्हणजे एक्स फेस काट्याच्या दिशेने २५.६७ डिग्री फिरवला की ते प्लेन मिळतं. १९.३३ आणि २५.६७ ची बेरीज ४५, ताळा जमला.

पेपरात इथे थांबू नका, दोन तिरके चौकोन काढून दाखवा. पहिला घड्याळाच्या उलट १९.३३ फिरवलेला, एका जोडीवर बाहेर जाणारे ९४ चे बाण, दुसऱ्या जोडीवर आत येणारे ३४ चे, शिअरचा एकही बाण नाही. दुसरा काट्याच्या दिशेने २५.६७ फिरवलेला, चारही फेसवर बाहेर जाणारे ३० चे बाण आणि ६४ चा शिअर. या दुसऱ्या चौकोनात शिअरच्या बाणांची टोकं कुठे भेटतात बघा, ज्या कर्णाच्या टोकाला भेटतात तो कर्ण बरोबर १९.३३ च्या दिशेने जातो. एकदा हे काढून बघितलं की सर्कल आणि चौकोन यांचं नातं डोक्यात बसतं, नुसतं वाचून नाही बसत.

तो शंभर-शून्यवाला कुठं घसरला

त्याने २० एमपीए कॉम्प्रेसिव्ह हे वाचलं, पण प्लॉट करताना उजवीकडे टाकलं. प्लस २०. झालं. मग सेंटर आला ५० वर, त्रिकोणाची आडवी बाजू ३०, उभी ४०, कर्ण ५०. तीन-चार-पाचचा त्रिकोण! उत्तर १०० आणि शून्य. इतकं सुबक की शंका घ्यायला जागाच नाही, आणि खरं उत्तर ६४.०३ असं बोजड, ते बघून उलट वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. आकडा गोल आला म्हणून बरोबर, असं काही नसतं, पेपर काढणारे नेहमी गोल आकडे येतील असं बघत नाहीत.

बरं, त्याने ताळा केला नव्हता असंही नाही. मीच शिकवलेला ताळा, की दोन प्रिन्सिपल स्ट्रेसची बेरीज आणि दिलेल्या दोन नॉर्मल स्ट्रेसची बेरीज सारखी आली पाहिजे. त्याने केला : १०० अधिक शून्य बरोबर १००, आणि ८० अधिक २० बरोबर १००. जमला! कारण ताळा त्याने स्वतःच्या ग्राफवरच्या आकड्यांशी केला. ग्राफ चुकला तर ताळा पण त्याच चुकीत सामील होतो. ताळा करताना बोट प्रश्नपत्रिकेतल्या शब्दांवर पाहिजे : टेन्साइल ८०, कॉम्प्रेसिव्ह २०, बेरीज ६०. आणि आपलं उत्तर ९४.०३ वजा ३४.०३, बरोबर ६०.

यात नुसते मार्क गेले असं नाही. त्याच्या उत्तरात कॉम्प्रेशन गायबच झालं, आणि मॅक्झिमम शिअर ६४ च्या जागी ५० आला. माइल्ड स्टीलसारखं डक्टाइल मटेरियल शिअरमध्ये यील्ड होतं, तिथे शाफ्टची साइज ५० धरून काढली तर शाफ्ट बारीक निघणार.

मटेरियलवरून आठवलं, फळ्याजवळचा एक खडू घ्या, दोन्ही हातांनी दोन टोकं धरून पिळा, वाकवू नका, नुसता पीळ द्या. तो सरळ आडवा तुटत नाही, स्क्रूच्या आट्यासारखा तिरका, ४५ डिग्रीवर तुटतो. पीळ दिला की पृष्ठभागावर नुसता शिअर असतो, दोन्ही नॉर्मल स्ट्रेस शून्य, म्हणून सर्कलचा सेंटर ओरिजिनवर, एक्स पॉइंट सरळ खाली किंवा वर, आणि प्रिन्सिपल तिथून ९० डिग्रीवर, निम्मे ४५. खडू ताणाला कच्चा, म्हणून तो प्रिन्सिपल टेन्शनच्या प्लेनवर फाटला. कास्ट आयर्नचा रॉड पण असाच तिरका तुटतो. माइल्ड स्टीलचा रॉड मात्र पिळून तोडला तर सपाट, आडवा कापल्यासारखा तुटतो, कारण तो शिअरला हार मानतो आणि मॅक्झिमम शिअरचं प्लेन आडवं आहे. उद्यमबागेत फाउंड्रीवाल्यांना तुटलेला पीस दाखवा, मोहर्स सर्कलचं नाव न घेता तुकडा बघून सांगतील की पिळून गेलाय की ओढून.

एक अडचण राहिली

आपल्या न्यूमेरिकलमध्ये एक प्रिन्सिपल प्लस आणि एक मायनस होता, म्हणून रेडियस हाच मॅक्झिमम शिअर, विषय संपला. पण दोन्ही प्लस आले तर? समजा एक्स ९० टेन्साइल, वाय ३० टेन्साइल, शिअर ४०. सेंटर ६०, आडवी बाजू ३०, रेडियस ५०, प्रिन्सिपल ११० आणि १०. पोरं लिहितात मॅक्झिमम शिअर ५०.

पण कागदाला जाडी आहे. पातळ प्लेट धरली तर कागदाच्या बाहेरच्या दिशेला स्ट्रेस शून्य आहे, आणि शून्य हा पण एक प्रिन्सिपल स्ट्रेसच, तिसरा. आता त्याच ग्राफवर तीन सर्कल काढा : १० ते ११० हे आपलं, शून्य ते १० हे एक पिटुकलं, आणि शून्य ते ११० हे सगळ्यांना पोटात घेणारं मोठं. मोठ्याचा रेडियस ५५. म्हणजे खरा मॅक्झिमम शिअर ५५ आहे, आणि त्याचं प्लेन प्लेटच्या जाडीत ४५ डिग्रीने तिरकं गेलेलं आहे, आपल्या चौकोनात ते दिसणारच नाही. पहिल्या न्यूमेरिकलमध्ये तिसरा शून्य ९४ आणि मायनस ३४ यांच्या मधे पडत होता, म्हणून मोठं सर्कल तेच राहिलं आणि काही फरक पडला नाही. दोन्ही प्रिन्सिपल मायनस आले तरी हीच भानगड, तेव्हा मोठं सर्कल मायनसवाल्या मोठ्या आकड्यापासून शून्यापर्यंत काढायचं.

पेपरात काय लिहायचं म्हणाल तर प्रश्नात इन-प्लेन मॅक्झिमम शिअर म्हटलं असेल तर ५०, अ‍ॅब्सोल्यूट म्हटलं असेल तर ५५. नुसतं मॅक्झिमम शिअर असं मोघम लिहिलं असेल, आणि बहुतेक वेळा तसंच असतं, तर आधी रेडियस लिहा, इन-प्लेन ५०, कारण साधारण तेच अपेक्षित असतं, आणि खाली एका ओळीत लिहा की तिसरा प्रिन्सिपल शून्य धरल्यास अ‍ॅब्सोल्यूट ५५. प्रिन्सिपल वेगवेगळ्या चिन्हांचे असतील तर ही ओळ लागत नाही, दोन्ही आकडे एकच.